सरळव्याज, समान वार्षिक हप्ते आणि कर्जापेक्षा कमी येणारं उत्तर

वर्षा_के
नमस्कार मंडळी. स्पर्धा परीक्षेची तयारी चालू आहे आणि एका गणितावर सकाळपासून अडकलेय. ३३,००० रुपयांचं कर्ज, द.सा.द.शे. १० दर, सरळव्याज, ३ समान वार्षिक हप्ते, तर हप्ता किती? माझं उत्तर १३,००० येतंय, मैत्रिणीचं १४,३०० येतंय आणि उत्तरसूचीत छापलंय १०,०००. आता १०,००० चे तीन हप्ते म्हणजे झाले ३०,०००, म्हणजे जेवढे घेतले त्याहून कमी परत करायचे आणि व्याजही त्यातच आलं? असं कर्ज कोण देईल? छपाईची चूक म्हणून सोडून देणार होते पण त्याच पानावरच्या आणखी दोन गणितांतही उत्तर असंच कमी आहे, त्यामुळे चूक नसावी असं वाटतंय. कुणी नीट समजावून सांगेल का?

दत्तूभाऊ
मैत्रिणीचं बरोबर आहे. ३३,००० वर १० टक्क्यांनी वर्षाला ३,३०० व्याज, तीन वर्षांचं ९,९००. एकूण ४२,९००, भागिले ३ म्हणजे १४,३००. सरळव्याज म्हणजे व्याज मुद्दलावर, आणि मुद्दल ३३,००० आहे, यात दुसरं काही नाही. सूचीतलं उत्तर सरळ चुकीचं आहे.

खडूफळा
वर्षा, गणित जसं छापलंय तसंच्या तसं टाईप करशील का? एकही शब्द न गाळता. तुमची तीनही उत्तरं मला ओळखीची आहेत आणि मला वाटतंय सूचीतलं बरोबर असणार, पण आधी मजकूर बघू दे.

दत्तूभाऊ, पहिल्या वर्षाअखेर १४,३०० परत गेल्यावरही दुसऱ्या वर्षी व्याज पूर्ण ३३,००० वर का लागावं? तेवढे पैसे तर आता कर्जदाराकडे नाहीतच.

वर्षा_के
हे घ्या: "३ वर्षांनंतर देय असलेले ३३,००० रुपयांचे कर्ज द.सा.द.शे. १० सरळव्याज दराने दरवर्षी समान हप्ते देऊन फेडायचे असल्यास प्रत्येक हप्ता किती रुपयांचा असेल?"

खडूफळा
आता सगळं जागेवर आलं. "३ वर्षांनंतर देय असलेले" हा तुकडा शोभेचा नाहीये, सगळं गणित त्याच्यावरच उभं आहे. यात ३३,००० ही आज हातात घेतलेली रक्कम नाही. तीन वर्षं संपल्यावर एकदम जे द्यावं लागलं असतं ते ३३,००० आहे, त्या तीन वर्षांचं व्याज त्यात धरून. कर्जदार म्हणतो की शेवटी एकदम देण्याऐवजी मी दरवर्षी थोडे थोडे देतो. मग जे पैसे तो मुदतीच्या आधी देतोय त्या पैशांवर त्याला व्याजाची सूट मिळायला हवी, दर तोच १० टक्के.

पहिला हप्ता पहिल्या वर्षाच्या शेवटी जातो, म्हणजे मुदतीच्या दोन वर्षं आधी. १०,००० चे शेवटपर्यंत १२,००० होतात. दुसरा एक वर्ष आधी जातो, त्याचे ११,०००. तिसरा बरोब्बर मुदतीला जातो, त्याचे १०,००० च राहतात. बारा, अकरा आणि दहा मिळून ३३,०००. हप्ता माहीत नसताना तो १०० धरायचा, मग हप्ते होतात १२०, ११० आणि १००, बेरीज ३३०. ३३० साठी हप्ता १०० तर ३३,००० साठी १०,०००. बस, सूत्र पाठ करायची गरज नाही, हे १०० धरून करणं परीक्षेत जास्त पटकन होतं.

आणि म्हणूनच हप्त्यांची बेरीज ३०,००० येते, ३३,००० पेक्षा कमी. या प्रकारात ती कमी यायलाच हवी, जास्त आली तर आपलंच कुठेतरी चुकलंय असं समजायचं.

वर्षा_के
ओके ओके, म्हणजे उशिरा द्यायची रक्कम आधी देतोय म्हणून कमी. मग माझं १३,००० कशाचं उत्तर आहे?

खडूफळा
ते दुसऱ्या गणिताचं अगदी बरोबर उत्तर आहे. ३३,००० आज हातात घेतले असते तर तीन वर्षांनी त्यांचे ४२,९०० झाले असते. आता देय रक्कम ४२,९००, पुढचं सगळं वरच्यासारखंच, ३३० ला हप्ता १०० तर ४२,९०० ला १३,०००. इथे हप्त्यांची बेरीज ३९,०००, घेतलेल्या रकमेपेक्षा जास्त, आणि ती जास्तच असायला हवी.

म्हणजे गणित हातात आलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा की दिलेली रक्कम आजची आहे की मुदतीची. आजची असली तर आधी तिला मुदतीपर्यंत न्यायचं, एवढी एकच पायरी जास्त. "कर्ज घेतले", "उसने घेतले" असं असेल तर आजची. "देय", "द्यावयाचे", "देणे फेडायचे" आणि सोबत इतक्या वर्षांनी असं असेल तर मुदतीची. काही प्रश्नपत्रिकांत दोन्हीची सरमिसळ करून वाक्य लिहितात, तेव्हा पर्याय बघून ठरवायची वेळ येते, याला माझ्याकडे इलाज नाही.

प्रथमेश_एन
सर एक शंका. तीन वर्षं आहेत तर व्याज ३, २, १ वर्षांचं का नाही, २, १, ० का? मी नेहमी ३० + २० + १० धरतो, मग ३६० येतात आणि उत्तर जुळत नाही.

खडूफळा
कारण पहिला हप्ता कर्ज घेतल्याच्या दिवशी जात नाही, वर्ष भरल्यावर जातो. त्या हप्त्याला मुदतीपर्यंत उरतात दोनच वर्षं. ३, २, १ तेव्हा येईल जेव्हा प्रत्येक हप्ता वर्षाच्या सुरुवातीला द्यायचा असेल, पहिला तर घेतल्याच्या दिवशीच. तसं असेल तर आज घेतलेल्या ३३,००० ला हप्ता ४२,९०० ला ३.६ ने भागून साधारण ११,९१७ येतो. गणितात काही सांगितलं नसेल तर वर्षअखेर धरायचं. वर्षांची एक रेघ काढ, तिच्यावर हप्त्यांचे टिंब दे आणि प्रत्येक टिंबापासून शेवटपर्यंतची घरं मोज. शेवटच्या टिंबापुढे एकही घर नसतं हे डोळ्यांनी दिसलं की ३० + २० + १० परत होत नाही.

शून्य_शिल्लक
खडूफळा सर, तुमची देय रकमेची बाजू मान्य, पण आज घेतलेल्या ३३,००० चं उत्तर १३,००० हे मला पटत नाही. कर्ज आज दिलंय तर तुलना आजच्या दिवशी व्हायला हवी ना? वर्षाने मिळणाऱ्या हप्त्याची आजची किंमत काढायला १.१ ने भागायचं, दोन वर्षांनी मिळणाऱ्याला १.२ ने, तीन वर्षांनी मिळणाऱ्याला १.३ ने. तिन्हींची बेरीज ३३,००० यायला हवी. असं केलं तर हप्ता १३,१३९ च्या आसपास येतो. मी कॅलक्युलेटरवर दोनदा तपासलंय. दर तोच, सरळव्याजच, मग उत्तर वेगळं कसं? दोन्हीपैकी एक चुकीचं असणारच.

निवृत्त_रोखपाल
आणि बँकेत विचाराल तर तिसरंच उत्तर मिळेल. आम्ही आयुष्यभर शिल्लक मुद्दलावर व्याज लावलं. ३३,००० वर पहिल्या वर्षी ३,३०० व्याज, ते हप्त्यातून आधी वळतं करायचं, उरलेलं मुद्दलात. पुढच्या वर्षी कमी झालेल्या मुद्दलावर व्याज, पुन्हा तेच. असे तीन समान हप्ते १३,२७० चे पडतात, पैशात मोजायचं तर १३,२६९.७९. हाच व्यवहारातला हप्ता, बाकी सगळं पुस्तकी.

दत्तूभाऊ
आमच्याकडे गाडीला कर्ज घेतलं तेव्हा त्या कंपनीने माझ्याच पद्धतीने हिशोब केला होता, मुद्दलावर पूर्ण मुदतीचं व्याज आणि भागिले हप्ते. मग ते चुकीचं कसं म्हणता? दर तर बँकेपेक्षा कमी सांगितला होता.

खडूफळा
एकेक घेतो, कारण सगळ्यांनी खरे प्रश्न विचारलेत.

दत्तूभाऊ, तुमच्या कंपनीने जे लावलं त्याला फ्लॅट दर म्हणतात. करारात तसं लिहिलं असेल तर तो हिशोब करारानुसार आहे, पण दर ऐकून तुलना करू नका. ३३,००० वर फ्लॅट १० टक्क्यांचा हप्ता १४,३००, आणि रोखपाल साहेबांच्या पद्धतीने हाच १४,३०० चा हप्ता पडायला दर साधारण १४.४ टक्के लागतो. परत दिलेल्या पैशांवरही व्याज चालू राहतं म्हणून हे होतं. वर्षाच्या गणितात मात्र भरलेल्या हप्त्याचं व्याज वळतं करायचंच आहे, त्यामुळे तिथे १४,३०० बसत नाही.

आता शून्य_शिल्लक यांचा मुद्दा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चक्रवाढ व्याजात तुम्ही तुलना आज करा की मुदतीला करा, हप्ता तोच येतो. सरळव्याजात तसं होत नाही. एक रक्कम घेऊन बघा. दुसऱ्या वर्षाअखेर दिलेले १०,००० थेट तिसऱ्या वर्षाअखेर न्या, एक वर्षाचं व्याज १,०००, झाले ११,०००. आता तेच १०,००० आधी आजपर्यंत मागे आणा, १.२ ने भागून ८,३३३. आणि तिथून तीन वर्षं पुढे न्या, १.३ ने गुणून १०,८३३. पैसे तेच, दर तोच, पोचायची जागा तीच, तरी १६७ रुपयांचा फरक. कारण ८,३३३ वर तीन वर्षं व्याज लावताना ते मूळ ८,३३३ वरच लागतं, मधल्या १०,००० वर लागत नाही. सरळव्याजाची ही जन्मखूण आहे, तुलना कुठल्या दिवशी करायची ते ठरवल्याशिवाय हप्त्याला एकच उत्तर नसतं.

म्हणून तुमचं १३,१३९ हे चुकीचं नाही. ते वेगळ्या कराराचं उत्तर आहे. समजा ३३,००० चे तीन तुकडे केले, ११,९४४ एका वर्षाच्या बोलीने, १०,९४९ दोन वर्षांच्या आणि १०,१०७ तीन वर्षांच्या, आणि प्रत्येक तुकडा आपापल्या व्याजासकट आपापल्या दिवशी फेडला, तर तिन्ही वेळा १३,१३९ च द्यावे लागतात. तीन स्वतंत्र चिठ्ठ्या लिहून घेतल्यासारखं. परीक्षेची पुस्तकं मात्र मुदतीचा दिवस धरतात, म्हणून तिथे १३,०००.

शून्य_शिल्लक
तीन तुकड्यांचं उदाहरण आवडलं, करून बघितलं, जुळतंय. पण मुदतीचा दिवसच का धरायचा याला कारण काय, पुस्तकात आहे म्हणून? मला अजूनही कर्ज दिल्याचा दिवस जास्त नैसर्गिक वाटतो.

खडूफळा
पुस्तकात आहे म्हणून नाही. मुदतीचा दिवस धरला की वहीत मांडायला एक साधा अर्थ निघतो आणि तो मला सरळव्याजाच्या सगळ्यात जवळचा वाटतो. दोन रकाने करा, एक मुद्दलाचा आणि एक व्याजाचा. हप्ता आला की सगळा मुद्दलातून वजा करायचा, व्याज नुसतं बाजूला लिहून ठेवायचं, त्यावर व्याज लावायचं नाही.

पहिलं वर्ष: मुद्दल ३३,०००, व्याज ३,३०० बाजूला लिहिलं, १३,००० भरले, मुद्दल उरलं २०,०००.
दुसरं वर्ष: व्याज २,०००, १३,००० भरले, मुद्दल उरलं ७,०००.
तिसरं वर्ष: व्याज ७००. बाजूला लिहिलेलं सगळं व्याज ६,०००, उरलेलं मुद्दल ७,०००, दोन्ही मिळून १३,०००, म्हणजे बरोबर शेवटचा हप्ता.

एक रुपयाही इकडे तिकडे होत नाही. व्याजावर कुठेही व्याज लागलं नाही आणि परत दिलेल्या मुद्दलावरही लागलं नाही. रोखपाल साहेबांच्या पद्धतीत हप्त्यातून आधी व्याज कापलं जातं, म्हणजे मुद्दल हळू उतरतं, आणि ते वर्षाला एकदा चक्रवाढ केल्यासारखंच होतं. जुन्या अमेरिकन व्यापारी गणितात या दोन्हींना नावंच आहेत, मुदतीच्या दिवशी सगळं जुळवणाऱ्या रीतीला मर्चंट्स रूल आणि आधी व्याज कापणाऱ्याला युनायटेड स्टेट्स रूल. दुसरी रीत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८३९ मध्ये उचलून धरली होती. म्हणजे हा वाद आपल्या धाग्यावर सुरू झालेला नाही.

निवृत्त_रोखपाल
आधी व्याज, मग मुद्दल हाच न्याय आहे. मुद्दल आधी उतरवलं तर देणाऱ्याचं व्याज तीन वर्षं बिनव्याजी पडून राहतं. १३,००० च्या हप्त्यात देणाऱ्याला आमच्या हिशोबाने पावणेनऊ टक्क्यांच्या थोडंच वर सुटतं, १० नाही. कर्जदाराला बरं वाटेल, पण देणाऱ्याने का मानावं?

खडूफळा
त्याने सरळव्याज कबूल केलंय म्हणून. नसेल मानायचं तर चक्रवाढ लिहून घ्यावं, त्यात गैर काहीच नाही.

मेधा_जोग
मी गणितवाली नाही पण धागा वाचून माझाच प्रश्न डोक्यात आला. धाकट्या भावाकडून पैसे घ्यायचेत. मी त्याला सांगितलंय की मी वर्षाला १६,५०० देऊ शकते, चार वर्षं, आणि व्याज ८ टक्के सरळ, व्याजावर व्याज नको असं तोच म्हणाला. आता त्याने मला किती द्यायचे ते काढायचंय. त्याने हिशोब केला की चार हप्ते ६६,०००, चार वर्षांचं ३२ टक्के व्याज, म्हणून ६६,००० भागिले १.३२ म्हणजे ५०,०००. आकडा इतका गोल आला की दोघांनाही बरोबरच वाटला. बरोबर आहे का?

दत्तूभाऊ
मेधाताई, बरोबर आहे. ५०,००० वर ३२ टक्के १६,०००, एकूण ६६,०००, चार हप्ते १६,५०० चे. उलट करून बघितलं तरी जुळतंय.

खडूफळा
जुळतंय, पण फ्लॅट दराने जुळतंय, ताई. पहिल्या वर्षाअखेर तुम्ही १६,५०० परत दिल्यावरही भाऊ पूर्ण ५०,००० वर व्याज घेणार असं त्यात गृहीत आहे. तेच दोन रकाने ५०,००० ला लावा. मुद्दल ५०,०००, मग ३३,५००, मग १७,०००, मग नुसते ५००. व्याज ४,०००, २,६८०, १,३६० आणि ४०, बेरीज ८,०८०. म्हणजे चौथ्या वर्षी तुमचं देणं उरतं ८,५८०, आणि तुम्ही देणार १६,५००. तब्बल ७,९२० जास्त.

आता उलट काढू. हप्ता १६,५००. मुदतीपर्यंत पहिल्याला तीन वर्षं, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला शून्य, मिळून सहा वर्षांचं व्याज. ८ टक्क्यांनी एका हप्त्यावर वर्षाला १,३२०, सहा वर्षांचे ७,९२०. हप्ते ६६,००० आणि हे ७,९२०, मिळून ७३,९२०. तुमच्या सगळ्या हप्त्यांची मुदतीच्या दिवशीची किंमत ही. आता ती आजच्या रकमेत आणायची म्हणून १.३२ ने भागायचं, उत्तर ५६,०००. भावाने भागाकार बरोबर केला, फक्त भागायच्या आधी लवकर दिलेल्या हप्त्यांचं व्याज मिळवायचं राहिलं. वर जास्त जाणारे ७,९२० आले होते ते हेच, दोन्हीकडे तोच आकडा येतो हा योगायोग नाही.

तपासून घ्या. ५६,००० वर ४,४८०, ३९,५०० वर ३,१६०, २३,००० वर १,८४०, ६,५०० वर ५२०. व्याज बरोब्बर १०,०००. शेवटी मुद्दल ६,५०० आणि व्याज १०,००० म्हणजे १६,५००.

मेधा_जोग
बापरे, ६,००० चा फरक! भावाला हा सगळा तक्ता पाठवते. तो हिशोबाला पक्का आहे, वाईट नाही वाटणार त्याला. अजून एक, मधलं एखादं वर्ष मला जमलं नाही तर? म्हणजे दुसरा हप्ता चुकला आणि तो तिसऱ्यासोबत दिला तर दंड किती धरायचा?

वर्षा_के
हे मी सांगू का? १६,५०० एक वर्ष उशिरा आले, एक वर्षाचं व्याज ८ टक्क्यांनी १,३२०. दुसऱ्या वर्षी मुद्दल ३९,५०० च राहिलं, म्हणून तिसऱ्या वर्षी १,८४० ऐवजी ३,१६० व्याज लागलं, फरक १,३२० च. शेवटच्या हप्त्यात तेवढे जास्त द्यायचे. बरोबर ना सर?

खडूफळा
अगदी बरोबर. वेगळा दंड ठरला नसेल तर एवढंच.

प्रथमेश_एन
सर मी तुमची दोन रकान्यांची पद्धत मोठ्या मुदतीला लावून बघितली आणि काहीतरी विचित्र झालं. २९,००० आज घेतले, १० टक्के, १० हप्ते. मुदतीला ५८,०००, हप्ता १०० धरला तर ४५ वर्षांचं व्याज म्हणजे १,००० आणि ४५०, मिळून १,४५०, म्हणून हप्ता ४,०००. इथपर्यंत ठीक. पण मुद्दलाच्या रकान्यात सातव्या हप्त्यानंतर १,००० उरतात आणि आठव्यानंतर उणे ३,०००! नवव्यानंतर उणे ७,०००. उणे मुद्दलावर व्याज कसं लावायचं? लावलं तरच बेरीज जुळते.

खडूफळा
प्रथमेश, छान पकडलंस, ही या सूत्राची खरी मर्यादा आहे. उणे मुद्दल म्हणजे कर्जदाराने मुद्दल फेडून वर पैसे दिलेत, आणि सूत्र त्या जास्तीच्या पैशांवर त्यालाच १० टक्के व्याज देतं, नवव्या वर्षाचे ३०० आणि दहाव्याचे ७००. ते उणे धरून एकूण व्याज ११,००० येतं आणि २९,००० मिळवून ४०,०००, म्हणजे दहा हप्ते बरोबर. पण प्रत्यक्षात तेव्हा कर्जदाराचं जमलेलं व्याज द्यायचं बाकी आहे, १२,०००. देणारा म्हणेल की जास्तीचे पैसे आधी त्या व्याजात जमा होतील, मी उलट व्याज का देऊ? मग दहा हप्ते भरूनही १,००० बाकी राहतात.

कधी होणार हे आधीच कळतं. हप्त्यांच्या उरलेल्या वर्षांची बेरीज घे, तीन हप्त्यांना २, १, ० म्हणजे ३, पाचला १०, दहाला ४५. तिला दराने गुण. १०० पेक्षा कमी आलं तर मुद्दल शेवटच्या हप्त्यापर्यंत पुरतं, जास्त आलं तर मधेच उणे होतं. वर्षाच्या गणितात ३०, मेधाताईंचं ४८, तुझं ४५०. बरोबर १०० आलं तर गंमत बघ: ४०,००० घेतले, १० टक्के, ५ हप्ते, हप्ता १०,०००. चार हप्त्यांत मुद्दल संपतं, व्याज ४,०००, ३,०००, २,०००, १,००० असं जमून १०,००० होतं आणि पाचवा हप्ता सगळाच्या सगळा व्याजाचा.

निवृत्त_रोखपाल
उणे मुद्दलावर व्याज द्यायचं हे मला कोणत्याही खातेवहीत दिसलेलं नाही. त्या १,००० वर देणाऱ्याचाच हक्क. दहा वर्षांना ही पद्धत वापरूच नये.

शून्य_शिल्लक
माझ्या तुकड्यांच्या पद्धतीत मुद्दल कधीच उणे होत नाही, कारण प्रत्येक हप्त्याचं मुद्दल आणि व्याज स्वतंत्र आहे. लांब मुदतीला तरी तीच बरी नाही का?

खडूफळा
त्या बाबतीत तुमची पद्धत सरस आहे, मान्य. फक्त त्यात लांबचा हप्ता फार स्वस्तात मोजला जातो, दहाव्या वर्षाच्या हप्त्याला २ ने भागायचं, म्हणून हप्ता वाढतो. कोणाला झुकतं माप द्यायचं हे गणित ठरवत नाही, ते करारात लिहावं लागतं. आणि रोखपाल साहेब, त्या १,००० बद्दल माझं मत अजून ठरलेलं नाही, सूत्राने हप्ता ठरवून दोघांनी सही केली असेल तर नंतर बाकी कशी काढणार?

निवृत्त_रोखपाल
सहीच्या आधी रकाने दाखवले होते का, हा माझा प्रश्न.

मेधा_जोग
भावाचा मेसेज आला. तक्ता बघून ५६,००० मान्य म्हणाला, आणि हप्ता आधी मुद्दलात जाईल, व्याज बाजूला लिहिलं जाईल, चुकलेल्या वर्षाचे १,३२० शेवटी, असं तिन्ही कागदावर लिहू म्हणतोय. वर्षा, तुझं आणि सरांचं खूप आभार.